मुंगीला उशिरा कळतं

याह्याला डुलणारी वस्तू बघवत नसे. कुणाच्या घरी जेवायला गेला आणि डोक्यावरचा पंखा हेलकावे खात असला, तर त्याचा घास तोंडाशी यायच्या आधीच थांबायचा. मग स्टूल मागव, पात्यांचे स्क्रू आवळ, खाली उतरून मान वर करून बघत राहा. त्याची बायको जन्नत यजमानीणबाईंकडे बघून म्हणायची, "इनको बिर्यानी नक्को, पाना दो."

ही गोष्ट हसण्यावारी जायची, पण त्याचं पोट याच खोडीवर चाललं होतं. रोशन गेटजवळच्या गल्लीत तो वाढला. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. डिप्लोमा होईपर्यंत याह्याही वरातीत मागच्या रांगेत ड्रम बडवायचा. पुढे चिकलठाण्याच्या एका लहान कंपनीत लागला आणि तिथंच त्याचे कल्ले पांढरे झाले. कंपनीचं काम म्हणजे मोठ्या कारखान्यांतली यंत्रं ताळ्यावर ठेवणं. भट्टी तापली की गॅस कमी करायचा, टाकी उतरली की पंप वाढवायचा. माणूस डोळ्यांनी बघून हातानं जे करतो ते सेन्सरनं बघून मोटरकडून करवून घ्यायचं. बघणं, ठरवणं, करणं, आणि केल्यानं काय झालं ते पुन्हा बघणं. हे चक्र नीट फिरलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं की यंत्र डुलायला लागतं. डुलणं वाढत गेलं की काहीतरी तुटतं.

सगळी उमर त्यानं हे काम तारांवर केलं होतं. तारेत एक इमान असतं. ती जोडलेली असते किंवा तुटलेली असते. तिसरं काही नसतं. तुटली तर लगेच कळतं. म्हणून वाळूजच्या कारखान्यात पहिल्यांदा बिनतारी काम आलं तेव्हा त्याच्या मनात थोडी धाकधूक होती. पण ती त्यानं कुणाला दाखवली नाही.

त्या कारखान्यात मोटारींचे ओतीव सुटे भाग लोखंडी जाळ्यांमध्ये भरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे लागत. इतकी वर्षं ते काम बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर करायचा आणि तो ट्रॅक्टर कारभारी नावाचा पडेगावचा माणूस चालवायचा. मग मालकांनी बिनचालकाच्या गाड्या घ्यायचं ठरवलं. फरशीवर काळी चुंबकी पट्टी चिकटवायची, गाडीच्या पोटाखालचा सेन्सर पट्टी चाचपत जाणार. गाडी पट्टीच्या डावीकडे सरकली की चाक उजवीकडे वळवायचं, उजवीकडे सरकली की डावीकडे. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं.

याह्याच्या कंपनीची मालकीण प्रेरणा. त्याच्याहून वयानं लहान, हुशार, आणि हिशेबाला पक्की. तिचं म्हणणं होतं की प्रत्येक गाडीत वेगळा मेंदू बसवायचा खर्च कशाला? मेंदू एकच ठेवू, कोपऱ्यातल्या केबिनमधल्या कॉम्प्युटरमध्ये. गाडीनं नुसतं सांगायचं, मी पट्टीपासून इतकी सरकले. कॉम्प्युटर वायफायवरून उत्तर देईल, चाक इतकं वळव. आकडेमोड तिथं, पाय इथं.

याह्यानं ते मन लावून केलं. हवेतून निरोप जायला-यायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं मुद्दाम निरोपाला उशीर लावून बघितला; थोडा, मग जास्त, मग खऱ्या मोजमापाच्या तिप्पट. मुंगी पट्टी सोडत नव्हती. एकही निरोप हरवू नये म्हणून त्यानं अशी व्यवस्था निवडली की हरवलेला निरोप पुन्हा पाठवला जाईल आणि सगळे निरोप ओळीनंच पोचतील. शिवाय गाडीला एक नियम घातला: ठरावीक वेळात केबिनकडून काहीच आलं नाही तर जागच्या जागी थांब. आणखी काय हवं?

या सगळ्या चाचण्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झाल्या. बाहेरच्या ठेकेदारांना कारखान्याचा फ्लोअर फक्त त्याच दिवशी मिळतो, ही तिथली रीत. मशीनं बंद, माणसं घरी, चिमण्या पत्र्याखाली. मुंगी त्या शांततेत अशी जायची की बघणाऱ्याला झोप यावी.

गाड्या सुरू झाल्या. कारभारीचा ट्रॅक्टर भिंतीकडेला कायमचा उभा राहिला. त्याला गाड्यांवर जाळ्या चढवायच्या-उतरवायच्या कामावर टाकलं. आणि तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनशेजारच्या वळणावर एका मुंगीनं पट्टी सोडली, भरलेली जाळी कलंडली आणि तयार मालाच्या मांडणीवर जाऊन कोसळली. कुणी मेलं नाही, कुणाचा पाय गेला नाही. कारभारीचं मनगट तेवढं मुरगळलं. पण कॅमेऱ्यात जे दिसलं ते वाईट होतं. खांबामुळे अर्धं वळण झाकलं जायचं. खांबामागून गाडी बाहेर येते तेव्हा कारभारीचे दोन्ही हात जाळीवर आहेत, आणि दुसऱ्या क्षणी जाळी पडते.

दुसऱ्या दिवशी याह्याला बोलावणं आलं. फ्लोअरचे मॅनेजर काकासाहेब. नाव असं असलं तरी वय चाळिशीच्या आतलं, कपड्यांना कडक इस्त्री, आणि बोलणं इस्त्रीपेक्षा कडक.

"याह्याभाई, एकच सांगा. तुमची गाडी चुकली का माणूस चुकला?"

याह्यानं कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडल्या. दर मिनिटाला किती निरोप निघाले, किती पोचले, सरासरी किती वेळ लागला, याची बेरीज तिथं होती. जेवढे निघाले तेवढे पोचले होते. एकही हरवला नव्हता. सरासरी वेळ गाडीनं चाचणीत सोसलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी.

"सिस्टीम साफ दिसते, साहेब," तो म्हणाला.

केबिनच्या दारात कारभारी उभा होता. मनगटाला बँडेज. त्याचा ट्रॅक्टर गेला होता, त्याला गाड्यांचा राग असणार, हे सगळ्यांनी मनात आधीच लिहून ठेवलं होतं.

"मंग मी खोटं बोलतो व्हय?" कारभारी म्हणाला.

"तुम्ही गाडीला हात लावला का नाही?" काकासाहेब.

"लावला. पडाया लागली म्हणून धरली. ती आधीपस्नंच डुलत व्हती. आधी थोडी डुलली. मंग जास्त. मंग लई. माझ्या अंगावर येईल असं वाटलं, म्हणून धरली."

"कॉम्प्युटर तर नाही म्हणतो."

"कॉम्प्युटर तिथं व्हता का? मी व्हतो."

मागे कुणीतरी हसलं. काकासाहेब हसले नाहीत. कारभारीला त्याच दिवशी सस्पेंड केलं आणि चौकशी लावली. गाडी मुद्दाम ढकलली असं ठरलं असतं, तर नोकरी गेली असती, आणि वर्षानुवर्षांच्या चाकरीवर घातपाताचा शिक्का बसला असता. ते ठरायला एका वाक्याचाच आधार होता. ते वाक्य याह्याचं होतं.

चिकलठाण्याला परत येताना याह्याच्या डोक्यात कारभारीचे शब्द ओळीनं उभे राहिले होते. आधी थोडी. मग जास्त. मग लई.

माणूस खोटं रचतो तेव्हा असं रचत नाही. तो म्हणतो, गाडी एकदम उधळली. आणि समजा कुणी खरंच धक्का दिला, तर काय होईल? झोका देऊन सोडून दिलेल्या पाळण्यासारखं. पहिला हेलकावा सगळ्यात मोठा, मग कमी, मग आणखी कमी. मुंगी स्वतःला सावरून पट्टीवर येणार; तिला तसंच तर बनवलं होतं. डुलणं वाढत जातं ते फक्त एकाच कारणानं. सावरणारा हातच चुकीच्या वेळी जोर लावत असला, तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटर घेऊन पडेगावला गेला. कारभारीचं घर दौलताबादच्या रस्त्यापासून आत, दारात शेवग्याचं झाड. कारभारी ओट्यावर बसून लसूण सोलत होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा लसणाकडे बघितलं.

"साफ हाय ना तुमची शिष्टम? मंग इकडं काय सांडलंय?"

"कारभारीमामा, मला एक दाखवा. ती कशी डुलत होती?"

"का? कोर्टात नाच दाखवायचाय का?"

"मामा, मला शंका आहे. माझ्यावरच."

हे ऐकून कारभारीनं लसूण बाजूला ठेवला. क्षणभर याह्याच्या तोंडाकडे बघितलं, मग मुरगळलेला हात मांडीवर ठेवून चांगल्या हाताचा तळवा हवेत धरला आणि हळूहळू पुढं नेला. तळवा किंचित डावीकडे गेला, उजवीकडे आला. मग थोडा जास्त. मग आणखी. आणि प्रत्येक वळणाआधी तो क्षणभर अडायचा.

"हे मध्ये थांबता कशाला?"

"मी न्हाई, ती थांबायची. म्हंजे चाक वळलंय, गाडी पट्टीवर आली, तरी चाक तसंच. पार पलीकडं गेल्यावर तिला कळायचं की आपुण लई गेलो. मंग एकदम उलटं. मुंगीला उशिरा कळत व्हतं, असं म्हना."

याह्या ओट्यावर टेकला. कारभारीच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, चहा आणून ठेवला आणि आत जाताना फक्त नवऱ्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "पिऊ द्या की आधी."

"मामा, किती वाजले होते तेव्हा?"

"जेवणाची सुट्टी. सगळी पोरं कॅन्टीनच्या भिंतीला टेकून मोबाइलवर. तुमी कदी जेवणाच्या टायमाला आलाय का फ्लोअरवर? पार बाजार भरतो."

तो कधीच आला नव्हता. तो सुट्टीच्या दिवशी आला होता.

प्रेरणाला त्यानं सगळं सांगितलं. कॉफीचा कप तिनं तसाच धरून ठेवला होता.

"पण एकही निरोप हरवला नाही, तुम्हीच म्हणालात."

"हरवला नाही म्हणूनच घोळ झाला, मॅडम. आपण सांगून ठेवलंय, हरवला तर पुन्हा पाठव, आणि ओळ मोडू नकोस. मग एक निरोप अडकला की मागचे सगळे त्याच्यामागे थांबतात. तोवर गाडी शेवटचा हुकूम पाळत राहते. चाक वळलेलं ते वळलेलंच. आणि मग तुंबलेले सगळे एकदम येतात. शिळे. गाडी ते एकामागून एक पाळते. अरे, पट्टी केव्हाच पलीकडे गेली, आणि ही मघाच्या चुकीची दुरुस्ती आत्ता करते."

"आणि थांबायचा नियम?"

"काहीच आलं नाही तर थांब, असा नियम आहे. इथं काहीतरी येतच होतं. शिळं का असेना. शिळ्या निरोपानं नियमाचं तोंड बंद झालं."

"तुम्ही उशीर लावून तपासलं होतं."

"एकसारखा उशीर. एकसारखा उशीर गाडीला पचतो. मी तेवढ्यावर समाधान मानलं. इथं उशीर कधी एवढा, कधी तेवढा, कधी नाहीच. सरासरी काढली तर कमीच येते."

प्रेरणानं कप खाली ठेवला. "याह्याभाई, हे खरं निघालं तर ते आपल्यावर येतं. पुढचं काम जाऊ शकतं."

"हौ. येतं."

तिनं मोबाइल पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "काकासाहेबांना फोन मी करते. तुम्ही बोललात तर भांडाल."

काकासाहेब तयार झाले, पण अटी घालून. जेवणाच्या सुट्टीत चाचणी, तासाभरात आटपायची. जाळीत माल नाही, वाळूची पोती. मार्गाभोवती पिवळी दोरी. याह्यानं आपली एक अट घातली: कारभारीला समोर ठेवायचं.

"सस्पेंड माणसाला आत कसं घेणार?"

"मग पाहुणा म्हणून घ्या."

त्यामुळे त्या दुपारी जन्म त्याच कारखान्यात काढलेला कारभारी गळ्यात पाहुण्याचा पास अडकवून गेटमधून आत आला. गेटवरच्या शिपायानं त्याला सही करायला लावली तेव्हा कारभारी म्हणाला, "काय रं, वळखतो का न्हाई?" शिपाई ओशाळून म्हणाला, "वळखतो ओ दादा. पन तुमी आज पाव्हणे हायसा." "मंग चहा पाज की पाव्हण्याला," कारभारी म्हणाला.

घंटा झाली. याह्यानं मुंगी सोडली. लाल बटण त्याच्या हातात. मुंगी निघाली, वळणावर आली, वळली, सरळ गेली. सुतानं आखल्यासारखी.

दुसरी फेरी. तशीच.

तिसऱ्या फेरीला काकासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "झालं का, याह्याभाई? का अजून मुंगीला साखर टाकायची?"

लोक हसले. कारभारी हसला नाही. तो दोरी दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि त्याची नजर गाडीवर नव्हती, याह्यावर होती. त्या नजरेत राग नव्हता, त्यामुळेच ती जड होती. बुडणाऱ्या माणसानं किनाऱ्यावरच्याकडे बघावं तशी.

याह्याला शंका आली. आपलं गणित चुकलं? कारभारीच्या तळव्यात आपल्याला हवं ते दिसलं? त्यानं आजूबाजूला बघितलं. अख्खी शिफ्ट दोरीभोवती गोळा झाली होती. हाताची घडी घालून, तोंडं उघडी ठेवून. कुणी बोलत नव्हतं. इतकी माणसं, आणि तरी फ्लोअर कसा शांत. सुट्टीच्या दिवसासारखा.

"काकासाहेब," तो म्हणाला, "यांचे मोबाइल कुठं आहेत?"

"सकाळीच गेटवर जमा केले. ट्रायल चालू असताना कुणाचं लक्ष इकडंतिकडं नको. सेफ्टी म्हणून."

याह्याला हसू आलं. अगदी आतून, पोटातून. त्यानं ते दाबलं. "साहेब, मोबाइल परत द्या सगळ्यांना."

"काय?"

"आणि कॅन्टीनला पाठवा. रोजच्यासारखं जेवू द्या. रोज जे बघतात ते बघू द्या."

"ट्रायलसाठी मी लोकांना रील बघायला लावू?"

"लावा, साहेब. पाया पडतो."

कारखान्याच्या इतिहासात असा हुकूम पहिल्यांदाच निघाला असेल. मोबाइल वाटायला दहा-पंधरा मिनिटं गेली आणि लोकांनी तो हुकूम इतक्या निष्ठेनं पाळला की काही विचारू नका. भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, डब्यावर डबा उघडून. कुणी क्रिकेट लावलं, कुणी गाणं, कुणी गावाकडं व्हिडिओ कॉल. अनेकांनी शेजारच्याला आपल्या फोनच्या वायफायवरून इंटरनेट दिलं. फोर्कलिफ्टवाल्यानं रोजच्यासारख्या रिकाम्या जाळ्या आणून केबिन आणि वळण यांच्यामध्ये रचून ठेवल्या. लोखंडाची एक भिंतच उभी राहिली. हवेत डोळ्यांना दिसत नव्हती, पण वायफायची गर्दी झाली होती. गुलमंडीच्या रस्त्यावर सणाला होते तशी. निरोप निघत होते, धडकत होते, माघारी फिरत होते, पुन्हा निघत होते.

याह्यानं मुंगी सोडली.

सरळ भागात ती नीट चालली. वळण जवळ आलं तेव्हा नाक किंचित डावीकडे गेलं. उजवीकडे आलं. पुन्हा डावीकडे, थोडं जास्त. कारभारीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. उजवीकडे, आणखी. चाक वळलेलं, पट्टी पोटाखालून सरकून गेलेली, आणि चाक अजून वळलेलंच. मग झटका देऊन उलट. पोती एका बाजूला सरकली.

"हीच! हीच ती!" कारभारी ओरडला.

पुढचा हेलकावा याह्यानं होऊ दिला नाही. लाल बटण दाबलं. मुंगी पट्टीपासून हातभर दूर, तिरकी, थबकली. वाळूचं एक पोतं घरंगळत फरशीवर पडलं.

कॅन्टीनच्या भिंतीकडून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती. काकासाहेबांनी दोरी वर उचलली, वाकून आत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खाली पडलेल्या पोत्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे माणूस नव्हता."

"नाही, साहेब. माणूस नव्हता. मी साफ म्हणालो ते चुकीचं म्हणालो. तसं लिहून देतो."

काकासाहेबांनी कारभारीकडे बघितलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "तो पास काढा गळ्यातला. बरा दिसत नाही."

कारभारीनं पास काढला. घाईत फीत कानात अडकली. मग तो खाली त्याच पोत्यावर बसला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, बराच वेळ.

पुढचे काही दिवस याह्या मुंग्यांच्या पोटात शिरून काम करत होता. प्रेरणानं आपल्या खर्चानं प्रत्येक गाडीत छोटा कंट्रोलर बसवायचं कबूल केलं. पट्टी बघणं आणि चाक वळवणं, हे आता गाडी स्वतःच, जागच्या जागी करणार. त्यासाठी हवेत काही पाठवायचं नाही. केबिननं फक्त सांगायचं, कुठं जायचं, किती वेगानं. तो निरोप थोडा उशिरा आला म्हणून कुणी पडत नाही. प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का. शिळा असला तर फेकून द्यायचा, हरवला तर पुन्हा मागायचा नाही, ताज्याची वाट बघायची. आणि थांबायचा नियमही बदलला: काही आलं नाही तर नव्हे, ताजं आलं नाही तर थांब.

काकासाहेब कामाच्या मध्ये येऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी विचारलं, "पण हे आधी सुचायला काय हरकत होती?"

याह्या फरशीवर उताणा पडलेला होता. तो गाडीखालूनच बोलला. "साहेब, आमचा बँड होता. वरातीत अब्बा पुढं, मी पार मागं. पुढचा ताल माझ्यापर्यंत जरा उशिरा पोचायचा. अंतर सारखं असलं की चालतं, सवय होते. पण वरात ताणते, गल्लीत आखडते, मध्येच नवरदेवाचे मित्र घुसतात. मग मी ऐकून वाजवायला लागलो की घात. घाईनं गाठायला जायचो, पुढं निघायचो, मग मागं यायचो. शेवटी अब्बांनी मागच्या रांगेला आपला ताल धरायला लावला. पुढून फक्त खूण यायची, गाणं बदललं म्हणून."

"म्हंजे तुमच्या गाडीची वरात निघाली व्हती," बाजूला उभा असलेला कारभारी म्हणाला. "आन नवरदेव मला केलं."

"हौ, मामा. घोड्यावर चढवलं आणि घोडा पळाला."

काकासाहेब पहिल्यांदा मोकळे हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "ते ठीक आहे. पण अब्बांना कळलं होतं, तुम्हाला नाही कळलं?"

याह्यानं गाडीखालून पान्यासाठी हात बाहेर काढला. "सुट्टीच्या दिवशी वरात निघत नाही, साहेब," तो म्हणाला, आणि पाना फिरवायला लागला.

चौकशी कागदावर रद्द झाली. कारभारीला कामावर घेतलं, गैरहजेरी भरून दिली. नव्या गाड्यांची शेवटची चाचणी यावेळी कामाच्या दिवशी, भर जेवणाच्या सुट्टीत ठेवली. ठेकेदारानं चाचणी चालू शिफ्टमध्येच करावी असा नवा नियम काकासाहेबांनीच काढला. मोबाइल चालू, फोर्कलिफ्ट चालू, जाळ्यांची भिंत जागेवर. याह्यानं वाळूच्या पोत्यांऐवजी खरा माल चढवला.

मुंगी वळणावर आली. वळली. नाक हललं नाही. भिंतीच्या आड गेल्यावर तिचा वेग उतरला, आणि ती पट्टीवर मधोमध, सरळ उभी राहिली. केबिनचा ताजा निरोप तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

"बिघडली?" काकासाहेब.

"नाही. वाट बघते."

सगळे थांबले. मुंगीच्या डोक्यावरचा पिवळा दिवा लुकलुकत होता. कारभारी तिच्या वाटेच्या कडेला, दहा पावलं पुढं, डबा उघडून बसला होता. पिठलं आणि ज्वारीची भाकरी. जेवणाच्या सुट्टीत तिथंच बसायची त्याची जुनी जागा होती, आणि अपघातानंतर तिथं बसायला तो आज पहिल्यांदा आला होता.

दिवा हिरवा झाला. मुंगी निघाली.

याह्याला त्या दिवशी पोटात भूक जाणवली. कित्येक दिवसांत जाणवली नव्हती. तो कारभारीशेजारी फतकल मारून बसला. कारभारीनं न विचारता अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

"कांदा फोडू का?"

"फोडा."

मुंगी जवळ येत होती, माल घेऊन, काळ्या पट्टीवरून. कारभारीनं भाकरीचा घास तोंडात टाकला, डबा थोडा आपल्याकडे ओढला, आणि कोपरानं याह्याला ढोसलं.

"पाय घ्या तिकडं. वाटंत बसलाय तिच्या."